पितृत्व रजेचा निरोप: बाळाची तारीख हलते, पगाराची हलत नाही

प्रकरण असं आहे. मध्यम आकाराच्या एका कंपनीत दोनशेच्या वर लोकांच्या पगाराचं काम एक कर्मचारी बघतो. त्याच्या बायकोची ड्यू डेट २४ जून, बुधवार. कंपनीच्या नियमात पितृत्व रजा कामाच्या १५ दिवसांची आहे. शनिवार-रविवार त्यात मोजत नाहीत, आणि जन्मापासून सहा महिन्यांच्या आत ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत घेता येते. पगाराचं चक्रही ठरलेलं आहे. २० तारखेला हजेरी, ओव्हरटाइम, नवे रुजू झालेले आणि सोडून गेलेले यांची माहिती घेणं बंद होतं. मग हिशोब, तपासणी, मॅनेजरची मंजुरी, २६ च्या आसपास बँकेला फाइल आणि महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी खात्यात पैसे.

थोडक्यात, ड्यू डेट पगाराच्या आठवड्याच्या बरोबर मध्यावर येते. हा योगायोग अवघड असला तरी समजून घ्यायला सोयीचा आहे, कारण पितृत्व रजेच्या निरोपातली मुख्य अडचण यात उघडी पडते. रजेची सुरुवात कधी होईल हे कुणालाच माहीत नसतं, पण कामाची तारीख दगडावरची रेघ असते.

ड्यू डेट म्हणजे अंदाज. गर्भारपणाचे ४० आठवडे पूर्ण होतात तो दिवस, एवढाच त्याचा अर्थ. अगदी त्याच दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ पूर्ण होईपर्यंत कधीही जन्म झाला तरी डॉक्टर ती पूर्ण दिवसांचीच बाळंतपणं मानतात. या प्रकरणात ३७ आठवडे ३ जूनला पूर्ण होतात आणि ४२ आठवडे ८ जुलैला. म्हणजे रजा सुरू होण्याची शक्यता पाच आठवड्यांत कुठेही. त्याआधीही होऊ शकते, पण निदान या पाच आठवड्यांची तयारी नसेल तर निरोपात लिहिलेल्या तारखेला काहीच अर्थ राहत नाही.

पहिला मसुदा आणि त्यात काय अडतं

बहुतेक जण लिहितात तसाच निरोप इथेही आधी लिहिला गेला होता:

> मॅडम, जूनच्या शेवटी आमच्याकडे बाळ येणार आहे. त्या वेळी मला साधारण दोन-तीन आठवडे रजा लागेल. कामाचं मी बघून घेईन आणि गरज पडली तर मी फोनवर आहेच. कृपया सहकार्य करावे.

हेतू चांगला आहे, भाषा नम्र आहे. पण मॅनेजरच्या जागी बसून वाचलं तर यात मंजूर करण्यासारखं काहीच नाही. 'जूनच्या शेवटी' म्हटलं की पगाराचा आठवडा डोळ्यांसमोर येतो आणि लगेच काळजी सुरू होते. 'दोन-तीन आठवडे' म्हणजे कामाचे दहा दिवस की पंधरा, आणि ते कुठल्या रजेतून, हे कळत नाही. एचआरच्या प्रणालीत रजा टाकायची तर दोन्ही टोकांच्या तारखा लागतात. 'बघून घेईन' या शब्दांत काम कोण करणार हेच नाही. वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी ठरलंय, लिहिणाऱ्याला वाटतं की मॅडम कुणाला तरी देतील, आणि १९ जूनला कळतं की दोघांनीही कुणाला सांगितलेलं नाही.

सगळ्यात घातक आहे ते 'फोनवर आहेच'. लिहिताना हे सौजन्य वाटतं, पण वाचणारा त्याचा शब्दशः अर्थ घेतो, आणि घेणारच. प्रसूतिगृहात असताना फोन उचलला नाही तर आता दिलेला शब्द मोडल्यासारखा होतो. उचलला, तर पहिल्या फोननंतर दुसरा येतोच, कारण उत्तर शोधण्यापेक्षा विचारणं सोपं असतं. रजा संपते तेव्हा रजा झाली असं घरालाही वाटत नाही आणि कामालाही.

निरोप कधी पाठवायचा

याचं उत्तर गर्भारपणाच्या महिन्यांवरून काढलं जातं, पण ते कामाच्या चक्रावरून काढलेलं बरं. पगाराचं काम महिन्यातून एकदाच होतं. ते दुसऱ्याला शिकवायचं तर किमान दोन फेऱ्या लागतात: एक फेरी त्याने शेजारी बसून बघायची, दुसरी त्याने करायची आणि आपण शेजारी बसायचं. तिसरी फेरी तो एकटा करू शकतो. या दोन्ही फेऱ्या ३ जूनच्या आत बसवायच्या तर त्या एप्रिल आणि मेच्या पगाराच्या. एप्रिलचं चक्र २० तारखेला सुरू होतं. त्याआधी मंजुरी, सहकाऱ्याचा होकार आणि बँकेचे कागद, एवढं सगळं व्हायला दोन-तीन आठवडे हवेत. म्हणून निरोपाची तारीख निघाली १ एप्रिल. तेव्हा गर्भारपणाचे २८ आठवडे पूर्ण झालेले असतात.

रोजच्या रोज फिरणारं काम असेल, उदाहरणार्थ ग्राहकांच्या तक्रारी हाताळणं, तर शिकवायला दोन आठवडे पुरतात आणि निरोप थोडा उशिराने गेला तरी चालतो. तिमाहीत एकदा होणारं काम असेल तर मात्र बातमी घरात पक्की झाली की लगेच मॅनेजरशी बोलावं लागतं. नियमात 'इतके दिवस आधी अर्ज करावा' अशी अट असेल तर ती किमान मर्यादा समजायची. एचआरची सोय त्यात असते, पगाराची फाइल त्यात नसते.

लेखी निरोपाआधी समोरासमोर किंवा फोनवर पाच मिनिटं बोलणं झालं पाहिजे. बातमी आनंदाची आहे, ती ईमेलच्या विषयओळीतून कळू नये. आणि मॅनेजरला कळण्याआधी ती सहकाऱ्यांच्या गटात फिरता कामा नये. या प्रकरणात सकाळी बोलणं झालं आणि दुपारी ईमेल गेला.

पाठवलेला निरोप

नावांच्या जागी 'अ' आणि 'ब' ठेवलं आहे. 'अ' म्हणजे त्याच विभागात हजेरीचं काम बघणारा सहकारी.

> विषय: पितृत्व रजा: अपेक्षित २४ जून ते ७ जुलै, आणि ३ ते ७ ऑगस्ट (मंजुरीसाठी)
>
> मॅडम,
>
> सकाळी बोलल्याप्रमाणे लेखी कळवतो. आमच्या बाळाच्या जन्माची अपेक्षित तारीख २४ जून आहे. पितृत्व रजेचे कामाचे १५ दिवस मला दोन भागांत घ्यायचे आहेत.
>
> पहिला भाग, १० दिवस: बाळाच्या जन्माच्या दिवसापासून. जन्म सुट्टीच्या दिवशी झाला तर पुढच्या कामाच्या दिवसापासून. जन्म २४ जूनला झाला तर रजा ७ जुलैपर्यंत, आणि मी ८ जुलैला हजर. जन्म पुढेमागे झाला तर या तारखा त्याप्रमाणे सरकतील.
>
> दुसरा भाग, ५ दिवस: ३ ते ७ ऑगस्ट. हा आठवडा पगाराच्या कामाबाहेरचा आहे. पहिल्या रजेवरून आल्यावर मी तो पक्का करतो.
>
> वैद्यकीय कारणाने जास्त दिवस लागले तर माझ्या शिल्लक अर्जित रजेतून जास्तीत जास्त ५ दिवस मागेन आणि ते रजेच्या आठव्या दिवसापर्यंत कळवेन.
>
> काम: जूनचा पगार 'अ' यांनी करावा असं सुचवतो, बाळ कधीही आलं तरी. एप्रिलच्या पगाराला ते माझ्याबरोबर बसतील, मेचा पगार ते करतील आणि मी बरोबर असेन. ३ जूनपर्यंत हँडओव्हर पूर्ण होईल. कामाचा एक पानी तक्ता सोबत जोडला आहे. बँकेच्या पोर्टलवर 'अ' यांना फाइल चढवण्याचे, म्हणजे मेकरचे, स्वतंत्र अधिकार लागतील. अर्जावर तुमची सही १० एप्रिलपर्यंत मिळाली तर ते मेच्या फाइलआधी मिळावेत.
>
> संपर्क: जन्माचा दिवस आणि पुढचे दोन दिवस मी उपलब्ध नसेन. त्यानंतर कामाच्या दिवशी संध्याकाळी ५.३० ते ६ या वेळात 'अ' यांचे मेसेज वाचून उत्तर देईन. फोन फक्त एकाच कारणासाठी: बँकेची फाइल अडली आहे, पगार चुकण्याची शक्यता आहे आणि तुम्हा दोघांकडून मार्ग निघत नाही. ईमेल मी बघणार नाही.
>
> तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: रजेला मंजुरी, 'अ' यांच्या नावाला होकार आणि बँकेच्या अर्जावर सही. तुम्ही होकार दिलात की मी 'अ' यांच्याशी बोलतो. १९ ते २६ जूनमध्ये त्यांचं हजेरीचं कुठलं काम बाजूला ठेवता येईल, ते तुम्ही ठरवावं ही विनंती.
>
> आपला

तारखांचा भाग जरा जवळून

निरोपात रजेची सुरुवात जन्माच्या दिवसाला बांधली आहे आणि २४ जून फक्त उदाहरण म्हणून दिलं आहे. हा क्रम मुद्दाम आहे. उलट लिहिलं असतं, म्हणजे '२४ जून ते ७ जुलै, गरज पडल्यास बदल', तर जन्म १६ जूनला झाल्यावर प्रत्येक दिवसासाठी नव्याने विचारावं लागलं असतं, तेही दवाखान्यातून. एचआरच्या प्रणालीत मात्र अपेक्षित तारखाच टाकायच्या आणि नंतर दुरुस्त करायच्या, कारण बहुतेक प्रणाली कोरी तारीख घेत नाहीत. दुरुस्ती कोण करणार हेही आधीच विचारून ठेवायचं. काही ठिकाणी ती कर्मचाऱ्यालाच लॉगिन करून करावी लागते, आणि त्या आठवड्यात तेवढंही जमत नाही.

'कामाचे दिवस' हे शब्द वगळले की घोटाळा ठरलेला. १० दिवस कॅलेंडरचे मोजले तर २४ जूनपासून ३ जुलैपर्यंतच होतात. कामाचे मोजले तर ७ जुलैपर्यंत. म्हणून शेवटचा दिवस आणि हजर होण्याचा दिवस दोन्ही लिहिले आहेत. 'ते ८ जुलैपर्यंत' असं लिहिलं असतं तर आठला माणूस येणार की नाही यावर दोन मतं झाली असती.

दुसरा भाग मागे का ठेवला? बाळ-बाळंतिणीच्या बाबतीत पहिले दोन आठवडे कठीण असतात हे सगळ्यांना दिसतं, आणि तेव्हा मदतीला माणसंही असतात. पुढे मदत ओसरते. सहाव्या आठवड्याच्या आसपास आईची तपासणी आणि बाळाचं लसीकरण असतं. तेव्हा हाताशी पाच दिवस असणं फार उपयोगी पडतं. शिवाय ३ ते ७ ऑगस्ट या दिवसांत जुलैचा पगार होऊन गेलेला असतो आणि ऑगस्टचा सुरू व्हायचा असतो, त्यामुळे मॅनेजरला नाही म्हणायला कारण उरत नाही. नियमात रजा सलग घ्यावी लागत असेल तर हा मार्ग बंद, तेव्हा आधी नियम वाचायचा.

आरोग्याचे तपशील निरोपात कुठेही नाहीत. सिझेरियन ठरलं आहे का, काही गुंतागुंत आहे का, हे मॅनेजरला सांगण्याची गरज नाही. ती बायकोची खासगी माहिती आहे आणि ईमेल पुढे पाठवला जातो. 'वैद्यकीय कारणाने जास्त दिवस' एवढं पुरतं.

हँडओव्हर: एकच निर्णय जो सगळं सोपं करतो

या निरोपातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे 'जूनचा पगार 'अ' यांनी करावा, बाळ कधीही आलं तरी'. इथे मोह होतो तो 'मी असेन तर मी करीन, नसेन तर 'अ' करेल' असं लिहिण्याचा. समजा जन्म १० जूनला झाला. रजा २३ जूनला संपते आणि माणूस २४ ला परत येतो, म्हणजे हिशोब अर्धा झालेला असताना. आधीच्या तीन दिवसांत 'अ' ने काय गृहीत धरलं, कुठली दुरुस्ती केली, कुणाची हजेरी हाताने बदलली, हे समजून घेण्यात एक दिवस जातो आणि चुकांना तिथेच वाट मिळते. समजा जन्म १ जुलैला झाला. मग माणूस जूनचा सगळा पगार होईपर्यंत ऑफिसातच आहे, पण त्याऐवजी २२ जूनलाच कळा सुरू झाल्या तर अर्धं काम त्याच्या डोक्यात घेऊन निघून जाणार. काम आधीच 'अ' चं ठरलं की या सगळ्या शक्यता सारख्याच होतात. बाळाची तारीख पगाराच्या हिशोबातून बाहेर पडते.

एक पानी तक्त्यात प्रत्येक पायरीसमोर चार गोष्टी होत्या: तारीख, करणारा, फाइल कुठे आहे आणि 'झालं हे कशावरून कळतं'. हा चौथा रकाना लोक सोडून देतात आणि खरं शिकवणं तिथेच असतं. 'हिशोब तपासणे' एवढं लिहून काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहिलं होतं: मागच्या महिन्यात पगार झालेली माणसं, अधिक नवे रुजू, वजा सोडून गेलेले, बरोबर या महिन्याच्या तक्त्यातली माणसं. आकडा जुळला नाही तर पुढे जायचं नाही. बँकेच्या फाइलसमोर: फाइलमधली एकूण रक्कम आणि मंजूर तक्त्यातली निव्वळ देय रक्कम शेवटच्या पैशापर्यंत सारखी.

तक्त्याच्या तळाशी एक ओळ वेगळ्या चौकटीत होती. बँक खातं बदलण्याची विनंती ईमेलवर आली तर त्या कर्मचाऱ्याच्या नोंदणीतल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय बदल करायचा नाही. दुसऱ्याच्या नावाने असा ईमेल पाठवून पगार वळवून घेण्याची फसवणूक जुनी आहे, आणि काम नव्या हातात असताना ती साधणं सोपं जातं.

आता बँकेच्या अधिकारांबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त हँडओव्हर फसतात. पगाराची फाइल एकजण चढवतो आणि दुसरा मंजूर करतो. चढवणारा मेकर, मंजूर करणारा चेकर. चढवणारा रजेवर गेला की सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पासवर्ड सहकाऱ्याला देऊन जाणं. हे करू नये. पहिली गोष्ट, नोंदीत फाइल रजेवरच्या माणसाने चढवली असं दिसतं. उद्या काही चुकलं तर उत्तर त्याला द्यावं लागतं, आणि दोन वेगळ्या माणसांनी बघावं हा हेतूही ढिला पडतो. दुसरी गोष्ट जास्त व्यावहारिक आहे: ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. म्हणजे २६ जूनला 'अ' ऑफिसात फाइल घेऊन बसला आहे आणि ओटीपी प्रसूतिगृहात खिशातल्या फोनवर येऊन काही मिनिटांत बाद होतो आहे. नव्या माणसाला अधिकार द्यायला अधिकृत सहीचा अर्ज, मोबाइल नंबरची नोंदणी आणि बँकेकडची पडताळणी लागते. त्यात आठवडे जातात. म्हणून ही मागणी निरोपातच आहे, तारखेसकट.

मॅनेजरचं उत्तर

दोन दिवसांनी उत्तर आलं. रजा मंजूर, 'अ' च्या नावाला होकार. पण मॅडमनी दोन मुद्दे काढले, आणि पहिला खरोखर महत्त्वाचा होता. २५ जूनला त्या स्वतः नसल्या तर मंजुरी कोण देणार? चेकरचा अधिकार फक्त त्यांच्याकडे होता. निरोप लिहिणारा स्वतःच्या जागेची सोय बघतो. साखळीतला पुढचा दुवाही एकाच माणसावर टांगलेला आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. वित्त विभागातल्या 'ब' ला पर्यायी चेकर करायचं ठरलं आणि दोघांचे अर्ज एकत्रच गेले.

दुसरा मुद्दा संपर्काचा. '२५ आणि २६ जूनला दिवसभर फोन चालू ठेवता येईल का?' अशी विचारणा होती. मॅडमची काळजी रास्त होती. पगार चुकला तर दोनशे घरांच्या हप्त्यांवर परिणाम होतो. पण सरळ 'हो' म्हटलं तर बाकीचा संपर्काचा परिच्छेद वाया जातो, आणि 'नाही' म्हटलं तर संबंध ताणले जातात. उत्तर असं गेलं:

> मॅडम, जन्म होऊन तीन दिवस झाले असतील तर २५ आणि २६ जूनला मी सकाळी ११ ते ११.३० आणि संध्याकाळी ५.३० ते ६ असा दोनदा उपलब्ध राहीन. जन्म त्याच दिवसांत झाला तर मला जमणार नाही. त्या शक्यतेसाठी मेचा पगार 'अ' यांनी माझी मदत न घेता करावा, म्हणजे कुठे अडतं ते आधीच दिसेल. मी फक्त बाजूला बसेन.

यात नकार आहे, पण त्याच्या पाठोपाठ मॅडमची काळजी कमी करणारी तयारीही आहे. मॅनेजर 'फोन चालू ठेव' म्हणतात तेव्हा त्यांना फोन नको असतो, पगार वेळेवर होईल याची खात्री हवी असते. ती खात्री दुसऱ्या मार्गाने मिळाली की वेळेवरून ओढाताण होत नाही.

प्रत्यक्षात काय झालं

मेच्या फेरीत 'अ' दोन ठिकाणी अडला. महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्यांचे दिवस मोजण्याचं सूत्र तक्त्यात नव्हतं, आणि बँकेची फाइल ज्या नावाने सेव्ह करावी लागते ते नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन्ही भर पडली. अशा गोष्टी वर्षानुवर्षं हाताला सवयीच्या झालेल्या असतात, म्हणून लिहिणाऱ्याला दिसत नाहीत. दुसऱ्याला करू दिल्यावरच त्या वर येतात. 'अ' आणि 'ब' चे बँकेचे अधिकार मेच्या तिसऱ्या आठवड्यात आले. अर्ज एप्रिलच्या शेवटी गेला असता तर मेची फाइल जुन्याच लॉगिनने करावी लागली असती.

बाळ १६ जूनला, मंगळवारी पहाटे झालं. फोनमध्ये आधीच लिहून ठेवलेला मेसेज तारीख भरून मॅडम आणि 'अ' या दोघांना गेला:

> आज बाळाचा जन्म झाला. माझी रजा आज १६ जूनपासून २९ जूनपर्यंत. ३० जूनला कामावर येतो. १८ जूनपर्यंत मी उपलब्ध नाही. १९ पासून संध्याकाळी ५.३० ते ६.

हा मेसेज आधी लिहून ठेवावाच. त्या पहाटे कामाचे दहा दिवस बोटांवर मोजता येत नाहीत. इथे १६ ते १९ चे चार, २२ ते २६ चे पाच आणि २९ चा एक असे दहा होतात. पण झोप न झालेला माणूस हमखास २६ लिहितो. म्हणून संभाव्य जन्मतारखांसमोर परतीची तारीख लिहिलेली छोटी यादी फोनमध्ये ठेवली होती. ऑटो-रिप्लायमध्ये मात्र बाळाचा उल्लेख नव्हता. 'मी रजेवर आहे, पगारासंबंधी 'अ' यांच्याशी संपर्क साधा' एवढंच. तो बाहेरच्या लोकांनाही जातो.

पगाराचा सगळा आठवडा तो नसतानाच गेला. २० जूनला शनिवार, त्यामुळे माहिती घेणं १९ लाच बंद झालं. एका विभागाने ओव्हरटाइमचे आकडे २२ ला पाठवले. घ्यायचे की पुढच्या महिन्यात टाकायचे, हा निर्णय तक्त्यात मॅनेजरच्या नावावर होता, तो तिथेच झाला. त्याला कळलंसुद्धा नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

एक गोष्ट मात्र निसटली होती. मेमध्ये पगार झालेली माणसं २१२, जूनमध्ये ५ रुजू झाली, २ सोडून गेली. तक्त्यात २१५ यायला हवीत. २४ ला 'अ' च्या तक्त्यात २१७ आली. सोडून गेलेल्या दोघांचा पगार अंतिम हिशोबासाठी रोखायचा असतो, आणि रोखायच्या नावांची यादी शेअर्ड फोल्डरमध्ये नव्हती, रजेवरच्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होती. मेच्या फेरीत हे उघड झालं नाही, कारण मेमध्ये कुणी सोडून गेलंच नव्हतं. सराव कितीही चांगला झाला तरी त्या महिन्यात न घडलेली गोष्ट त्यात दिसत नाही. यावर उपाय एकच: मागच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या फाइली समोर ठेवून 'नेहमीपेक्षा वेगळं काय करावं लागलं' याची यादी काढायची आणि प्रत्येकासमोर फाइलची जागा लिहायची. रोखलेला पगार, थकबाकी, चुकून जास्त गेलेल्या रकमेची वसुली, बिनपगारी रजा, बँकेने परत पाठवलेली रक्कम. बहुतेक ठिकाणी ही यादी दहा ओळींच्या आत संपते.

'अ' ने २४ च्या संध्याकाळी मेसेज केला: 'दोन जण जास्त येत आहेत, रोखायची यादी कुठे?' साडेपाचला उत्तर गेलं: 'यादी माझ्या फोल्डरमध्ये राहिली. एचआरकडे सोडून गेलेल्यांची नोंद आहे, तिथून घ्या. दोघांनाही या महिन्यात शून्य, फाइलमधून काढा.' प्रश्न तिथेच मिटला. पगार हा विषय असल्यामुळे मेसेजमध्ये नावं किंवा रकमा लिहिल्या नाहीत, हेही बरोबर झालं. २५ ला मॅडमनी मंजुरी दिली, २६ ला फाइल गेली, ३० ला पैसे जमा झाले. फोन एकदाही आला नाही.

माणसं मोजण्याची ती पायरी तक्त्यात 'झालं हे कशावरून कळतं' या रकान्यात नसती, तर चूक २६ ला बँकेत गेली असती. फाइल अडली नसती, कारण दोन्ही खाती खरी होती. पैसे गेले असते आणि मग सोडून गेलेल्या लोकांकडून परत मागावे लागले असते. फोनचं जे एकमेव कारण निरोपात ठरलं होतं त्यात ही चूक बसतच नव्हती. म्हणून संपर्काची अट कितीही नीट लिहिली तरी ती तपासणीची जागा घेत नाही.

३० जूनला परत आल्यावर त्याने काम लगेच स्वतःकडे घेतलं नाही. जूनचा पगार पूर्ण होईपर्यंत तो 'अ' चाच, बँकेने परत पाठवलेल्या रकमांसकट. १ जुलैला अर्ध्या तासाची बैठक झाली: काय बदललं, काय अर्धवट आहे, कुणाला काय कबूल केलं आहे. त्याच दिवशी ३ ते ७ ऑगस्टची रजा पक्की झाल्याचा एका ओळीचा ईमेल मॅडमना गेला आणि एचआरच्या प्रणालीतल्या पहिल्या रजेच्या तारखा १६ ते २९ जून अशा दुरुस्त झाल्या. 'अ' चा मेकर अधिकार काढून घेतला नाही. तो पर्यायी म्हणून तसाच ठेवायचं मॅडमनी ठरवलं, कारण ऑगस्टपर्यंत पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नव्हता.